वेपच्या खोक्यावर ‘५%’ लिहिलंय, म्हणजे नेमकं किती निकोटिन?

मुलाच्या सॅकमध्ये किंवा हॉस्टेलच्या गादीखाली एखादं मुठीत मावणारं डिस्पोजेबल वेप, म्हणजे एकदा वापरून फेकायची ई-सिगरेट सापडली, की घरच्यांची नजर आधी फ्लेवरवर जाते. आंबा, कलिंगड, मिंट. मग किंमत विचारली जाते, मग कुठून आणलं यावर वादावादी. कामाची ओळ मात्र खोक्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते आणि ती कुणी वाचत नाही. वाचलीच तर चुकीची वाचतात.

कोथरूडला माझं औषधाचं दुकान आहे. हल्ली पालक अशी खोकी घेऊन येतात, नाहीतर मोबाईलवर फोटो दाखवतात. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतं: “पाचच टक्के लिहिलंय हो, म्हणजे तसं सौम्यच असेल ना?” सौम्य नसतं. का नसतं आणि खोकं हातात घेऊन खरा आकडा कसा काढायचा, ते इथे सांगतो. पालक, कॉलेजातले शिक्षक, रेक्टर, नाहीतर स्वतः ओढणारी आणि आता जरा काळजीत पडलेली मुलं, सगळ्यांना हे करता येतं. गणित चौथीच्या वरचं नाही.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. तेव्हापासून ई-सिगरेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं, सगळं बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘झिरो निकोटिन’ लिहिलेलं असलं तरी हाच कायदा लागू होतो, कारण व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही उपकरणं धरली आहेत. याचा लेबलशी काय संबंध? संबंध असा, की पुण्यात जे मिळतं ते सगळं चोरून आलेलं असतं. ते इथल्या बाजारासाठी छापलेलं नसतं आणि इथे कुणी तपासलेलंही नसतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचे आकडे वाचायचे.

पहिली पायरी: टक्क्याला दहाने गुणा

औषधशास्त्रात द्रवाच्या बाबतीत टक्के म्हणजे १०० मिलीमध्ये किती ग्रॅम. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, ते १०० मिलीत वाटलं की एका मिलीला १० मिलिग्रॅम येतात. म्हणून टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलीतलं निकोटिन मिळतं. २ टक्के म्हणजे मिलीला २० मिलिग्रॅम, ३ टक्के म्हणजे ३०, ५ टक्के म्हणजे ५०.

पन्नास हा आकडा केवढा, ते कळायला घरातली पॅरासिटामॉलची बाटली काढा. लहान मुलांच्या तापाच्या ज्या सिरपवर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, त्याच्या एका मिलीत ५० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे तेही पाच टक्क्यांचंच झालं. त्या बाटलीवर कंपनीने ‘५%’ असं छापलं असतं तर कुठल्याही आईला ते सौम्य वाटलं असतं. फरक इतकाच की पॅरासिटामॉलचा डोस शेकडो मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि निकोटिनचा एक-दोन मिलिग्रॅममध्ये. माझ्या दुकानात सिगरेट सोडण्यासाठी जो निकोटिनचा च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतो, त्याच्या एका गोळीत २ मिलिग्रॅम निकोटिन असतं आणि नीट चावला तर त्यातलं साधारण निम्मं अंगात जातं. या मापाशेजारी मिलीला पन्नास ठेवून बघा.

टक्क्यांमुळे गोंधळ होतो त्याला बिअरही थोडी जबाबदार आहे. बाटलीवरचे पाच टक्के म्हणजे हलकी, हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय, आणि तोच हिशेब ते वेपला लावतात. टक्का तोच असला तरी पदार्थ कुठला आहे आणि शरीराला तो किती पुरतो, यावर सगळं अवलंबून असतं.

आता यातल्या दोन खाचाखोचा.

काही खोक्यांवर टक्के नसतातच, नुसतं ‘५०एमजी’ किंवा ‘२०एमजी’ असतं. वाचणाऱ्याला वाटतं की अख्ख्या यंत्रात मिळून पन्नास मिलिग्रॅम आहेत. तसं नसतं. या धंद्यात नुसतं ‘एमजी’ लिहिलं तरी त्याचा अर्थ बहुधा दर मिलीला इतके मिलिग्रॅम असाच असतो, ‘पर एमएल’ हे शब्द गाळलेले असतात. त्यामुळे पन्नास वाचलं की लगेच शोधायचं, एकूण किती मिली.

दुसरी खोच जरा तांत्रिक आहे, पण आकडा वर सरकवणारी आहे. सगळ्याच कंपन्या टक्के आकारमानावर मोजत नाहीत, काही वजनावर मोजतात, म्हणजे १०० ग्रॅम द्रवात ५ ग्रॅम. हा द्रव पाण्यापेक्षा जड असतो, कारण त्यात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. ग्लिसरीनचा एक मिली सुमारे सव्वा ग्रॅम भरतो. या मिश्रणाचा एक मिली १.१५ ते १.२ ग्रॅमच्या आसपास जातो, त्यामुळे वजनाने पाच टक्के म्हणजे मिलीला पन्नास नव्हे, सत्तावन ते साठ मिलिग्रॅम. अमेरिकेत गाजलेल्या जूल या वेपचं उदाहरण प्रसिद्ध आहे. पाकिटावर ५ टक्के, आणि कंपनीचाच आकडा मिलीला ५९ मिलिग्रॅम. खोक्यावर वजन की आकारमान हे लिहिलं नसेल, आणि बहुतेक वेळा नसतंच, तर दहाऐवजी बाराने गुणून वरची मर्यादाही काढून ठेवायची.

दुसरी पायरी: मिली शोधा

टक्के म्हणजे फक्त तीव्रता. यंत्रात एकूण किती निकोटिन आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी द्रव किती आहे ते पाहिजे. हा आकडा खोक्याच्या मागच्या बाजूला, बॅटरीच्या क्षमतेच्या आसपास छापलेला असतो. यंत्रावर तो सहसा नसतो. म्हणून सॅकमध्ये नुसतं यंत्र सापडलं तर खोकंही शोधा, रागाच्या भरात कचऱ्यात टाकू नका.

इथे एक गोष्ट कळली की बरंच उलगडतं. युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू नियमावलीने निकोटिनची तीव्रता मिलीला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम आणि टाकी जास्तीत जास्त २ मिली ठरवून दिली. ब्रिटनमध्येही हीच मर्यादा आहे, आणि तिथे तर जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायची वेप विकायलाच बंदी आली. त्या नियमात बसणाऱ्या जुन्या डिस्पोजेबलवर ‘२०एमजी, २ मिली, ६०० पफ्स’ असं दिसतं. अमेरिकेत तीव्रतेला देशभर अशी मर्यादा नाही, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेल्या मालावर पाच टक्के आणि दहा-बारा मिली सर्रास असतात. आपल्याकडे दोन्ही येतात, एकाच टपरीच्या एकाच खणातून. दिसायला थोडाफार फरक, आतला माल कित्येक पटींनी वेगळा.

मिली कुठेच लिहिलं नसेल तर यंत्राच्या बुडाशी चार्जिंगचं भोक आहे का बघा. एकदा वापरून फेकायच्या वस्तूला चार्जिंग कशाला? कारण आतला द्रव एका चार्जमध्ये संपणार नसतो. भोक दिसलं की दोन मिलीचा माल नाही असं धरून चालायला हरकत नाही. नेमका आकडा यातून मिळत नाही, पण अंदाज कोणत्या बाजूला झुकवायचा ते कळतं.

तिसरी पायरी: गुणाकार

आता एक खरं वाटेल असं खोकं घेऊ. एक ताई काउंटरवर ठेवून गेल्या होत्या तसंच. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. खोक्यावर समोर मोठ्या अक्षरात ‘५००० पफ्स’. मागे बारीक अक्षरात ‘५%’ आणि ‘१३ मिली’. बुडाशी चार्जिंगचं भोक. एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, सिगरेटच्या पाकिटावर असतं तसं चित्रातलं इशाऱ्याचं लेबल नाही.

५ टक्के म्हणजे मिलीला ५० मिलिग्रॅम. ५० गुणिले १३, म्हणजे ६५० मिलिग्रॅम. टक्के वजनावर मोजले असतील तर १३ ला ६० ने गुणायचं, म्हणजे ७८०. त्या खोक्यात साडेसहाशे ते पावणेआठशे मिलिग्रॅम निकोटिन आहे, निदान लेबल तसं म्हणतंय. शेजारी युरोपी नियमातलं यंत्र ठेवलं तर २० गुणिले २, म्हणजे ४० मिलिग्रॅम. सोळा पटींचा फरक, आणि मुलं दोन्हींना ‘एक वेप’च म्हणतात.

ताई म्हणाल्या, “काका, मग हे किती सिगरेटींइतकं?” हा प्रश्न सगळेच विचारतात आणि उत्तर देताना सगळेच गडबड करतात, इंटरनेटवर तर फारच. गडबड अशी होते: एका सिगरेटच्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असतं, म्हणून कुणी ६५० ला बाराने भागतो आणि म्हणतो, चोपन्न सिगरेटी. पण सिगरेटमधलं बरंचसं निकोटिन जळून जातं, धुरात हवेत जातं, थोटकात राहतं. ओढणाऱ्याच्या अंगात एका सिगरेटमागे साधारण १ ते दीड मिलिग्रॅमच पोहोचतं. आणि वेपमधला द्रव जळत नाही, तापून त्याची वाफ होते, त्यामुळे त्यातला मोठा हिस्सा ओढणाऱ्यापर्यंत जातो. दोन्हीकडची ‘आत भरलेली’ मात्रा एकमेकींशी ताडून पाहणं म्हणूनच चूक आहे. अंगात जाणारी मात्रा अंगात जाणाऱ्या मात्रेशीच ताडायची.

तसं करून पाहू. समजा ६५० पैकी निम्मंच अंगात गेलं, बाकीचं आतल्या कापसात अडकलं, तोंडावाटे परत बाहेर पडलं, मित्रांनी ओढलं. हे निम्मं मी हिशेबासाठी धरलेलं आहे, मोजलेलं नाही. तरी सव्वातीनशे मिलिग्रॅम झाले. सिगरेटमागे एक ते दीड धरला तर दोनशे ते सव्वातीनशे सिगरेटी. आपल्याकडची दहाची पाकिटं धरली तर वीस ते बत्तीस पाकिटं. आकडा नेमका नाही आणि नेमका असल्याचा आव कुणी आणू नये, पण ‘चोपन्न’ आणि ‘दोनशेच्या वर’ यांतला फरक कळायला एवढा पुरे.

पफ्सचा आकडा: खोक्यावर सगळ्यात मोठा, उपयोगाला सगळ्यात कमी

५००० झुरके हा आकडा कसा येतो? यंत्राने झुरके मारून. आंतरराष्ट्रीय मानकातला झुरका तीन सेकंदांचा, ५५ मिली हवेचा आणि दर तीस सेकंदांनी एक असा आहे. पण खोक्यावर पफ्स छापताना कंपनीने तोच झुरका धरला पाहिजे असं बंधन नाही. एक सेकंदाचा आखूड झुरका धरला की आकडा आपोआप फुगतो.

फुगवलाय का, ते ताडायला पफ्सना मिलीने भागायचं. २ मिलीत ६०० म्हणजे मिलीला ३००. १३ मिलीत ५००० म्हणजे मिलीला सुमारे ३८५, तेही आखूड झुरक्यांचंच गणित आहे. कुणी १० मिलीवर दहा हजार पफ्स छापले असतील, तर मिलीला हजार झाले. असा झुरका एक तर नावापुरता असणार, नाहीतर खोक्यावरच्या दोन आकड्यांपैकी एक खोटा असणार.

झुरक्याला निकोटिन किती, तेही काढून पाहू. ६५० भागिले ५०००, म्हणजे ०.१३ मिलिग्रॅम. आता मुलगा लांब, चार सेकंदांचा झुरका घेत असेल तर यंत्र ५००० ऐवजी समजा २५०० झुरक्यांतच संपेल. मुलाला वाटतं फसवणूक झाली, माल डुप्लिकेट निघाला. प्रत्यक्षात प्रत्येक झुरक्यात दुप्पट, ०.२६ मिलिग्रॅम गेलं. एकूण बेरीज तीच राहिली. म्हणून ‘मी दिवसाला मोजून पन्नासच पफ घेतो’ या बचावाला अर्थ नाही. सिगरेट निदान संपते, थोटूक विझवावं लागतं. यात थांबायची जागाच नसते, लेक्चर आणि लेक्चरच्या मधे दोन, बाथरूममध्ये चार, अभ्यासाच्या टेबलावर कितीही.

‘नीक सॉल्ट’ ही ओळ

खोक्यावर ‘सॉल्ट निकोटिन’ किंवा ‘नीक सॉल्ट’ असतं. पालकांना ते मीठ वाटतं, मुलांना ते ‘स्मूद’ वाटतं. यातलं स्मूद खरं आहे आणि काळजीचं कारणही तेच आहे. साधं निकोटिन अल्कधर्मी असतं, घशाला बोचतं. त्याची तीव्रता मिलीला पन्नासवर नेली तर नवखा माणूस पहिल्या झुरक्याला खोकून खोकून बेजार होईल आणि यंत्र ठेवून देईल. त्यात बेंझॉइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळलं की त्याचा क्षार होतो, बोचणं कमी होतं आणि तीच तीव्रता सहज ओढता येते. घसा जो इशारा देत होता तो बंद होतो, रक्तात चढणारं निकोटिन मात्र सिगरेटच्या जवळपास पोहोचू शकतं. ‘घशाला लागत नाही म्हणजे कमी स्ट्राँग आहे’ हे गणित त्यामुळे सपशेल उलटं आहे.

‘५०एमजी नीक सॉल्ट’ लिहिलेलं असेल तर पन्नास हे निकोटिनचं वजन की अख्ख्या क्षाराचं, अशी एक शंका जाणकार काढतात. क्षाराचं वजन धरलं असेल तर निव्वळ निकोटिन कमी भरतं, बेंझॉइक आम्लाच्या क्षारात पन्नासचं साधारण साडेअठ्ठावीस. प्रघात निव्वळ निकोटिनचा आकडा छापायचा आहे, म्हणून दुसरं काही स्पष्ट लिहिलं नसेल तर पन्नासच धरा.

चौथी पायरी: दिवसांनी भागा

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा प्रश्न खोक्यावर छापलेला नसतो, तो मुलाला विचारावा लागतो: “एक किती दिवस पुरतं?” आवाज न चढवता विचारलात तर उत्तर बऱ्यापैकी खरं मिळतं. दिवसाला किती ओढतोस हे विचारून काही हाती लागत नाही, कारण त्यालाच माहीत नसतं. नवीन कधी घ्यावं लागतं हे मात्र पक्कं ठाऊक असतं, त्याला पैसे मोजावे लागतात.

ताईंच्या मुलाने सांगितलं, दोन आठवडे पण पुरत नाही, बारा-तेरा दिवस. मग ६५० भागिले १३, म्हणजे दिवसाला ५० मिलिग्रॅम. ही वरची मर्यादा झाली. त्यातलं एक तृतीयांश मित्र ओढतात असं त्याचंच म्हणणं, मग राहिले तेहेतीस. थोडं यंत्रात वाया गेलं असं धरू, पंचवीस ते तीस उरले. सिगरेटच्या भाषेत दिवसाला वीस-पंचवीस, म्हणजे रोजची दोन-अडीच पाकिटं. त्या मुलाने आयुष्यात सिगरेटचं पाकीट विकत घेतलेलं नव्हतं आणि तो स्वतःला ‘कधीतरी ओढणारा’ समजत होता. सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हात तिकडे जातो का, असं विचारलं तर म्हणाला, ब्रश करायच्या आधी. ही खूण मी कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त गंभीरपणे घेतो. निकोटिन शरीरात दर दोनेक तासांनी निम्म्यावर येतं. रात्रभरात पातळी खाली जाते आणि सवय लागलेलं शरीर जागं झाल्या झाल्या ते मागतं.

लेबलवर विश्वास किती ठेवायचा

वर केलेलं सगळं गणित ‘लेबल खरं असेल तर’ या अटीवर आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ई-सिगरेटच्या काही काडतुसांची तपासणी केली, तेव्हा ‘निकोटिन नाही’ असं लिहिलेल्यांतही निकोटिन सापडलं होतं. तो उघड विकला जाणारा माल होता. चोरून येणाऱ्या मालाची नक्कल करणं आणखी सोपं, कारण तक्रार करायला कुणी जाणार नाही. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ‘ओरिजिनल’ असा संदेश आला म्हणून मुलं निश्चिंत होतात. तो कोड आणि ती वेबसाइट दोन्ही नक्कल करणाऱ्याला बनवता येतात. आणि ती खरी असली तरी त्यातून कळतं ते इतकंच, की खोकं त्या कंपनीचं आहे, आतला द्रव किती टक्क्यांचा आहे हे नव्हे.

म्हणून ‘०%’ लिहिलेलं वेप ओढून मळमळ, गरगरणं, घाम, धडधड झाली तर लेबलवर नाही, लक्षणांवर विश्वास ठेवा. निकोटिन जास्त झाल्याची ही सुरुवातीची लक्षणं आहेत. ओढणं थांबवलं की बहुधा थोड्या वेळात उतरतात. उलट्या थांबेनात, माणूस गुंगीत जायला लागला, झटके आले किंवा श्वास मंदावला, तर १०८ ला फोन करायचा, वाट बघायची नाही.

घरात लहान मूल असेल तर धोका वेगळाच आहे. यंत्र फुटून किंवा चघळून द्रव तोंडात गेला तर पाच टक्क्यांच्या एका मिलीत ५० मिलिग्रॅम असतात, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी ही गंभीर विषबाधेची मात्रा आहे. घरी उलटी करवू नका, खोकं सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. एम्सच्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा नंबर १८०० ११६ ११७ आहे. द्रव हाताला लागला तर साबणाने भरपूर धुवायचा, निकोटिन कातडीतूनही आत जातं.

आकडा काढल्यावर

डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: टक्के, मिली, किती दिवस पुरतं, आणि सकाळचा पहिला झुरका किती वाजता. ‘वेप ओढतो’ एवढंच सांगितलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. ‘पाच टक्के, तेरा मिली, तेरा दिवस, उठल्या उठल्या’ असं सांगितलं की चित्र उभं राहतं. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८०० ११ २३५६, फोन फुकट लागतो.

एक काम मात्र करू नका, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जोडून च्युइंगमचा हिशेब. दिवसाला पंचवीस मिलिग्रॅम आले म्हणून दोन-दोन मिलिग्रॅमचे बारा-तेरा गम मुलाच्या हातात द्यायचे, असं एका वडिलांनी ठरवलं होतं. गममधलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सावकाश शोषलं जातं, फुफ्फुसातून काही सेकंदांत मेंदूपर्यंत जात नाही, त्यामुळे दोन्हीकडचे मिलिग्रॅम सारखे वागत नाहीत. शिवाय मूल अठराच्या आतलं असेल तर गमचा निर्णय डॉक्टरांचाच.

यंत्र टाकून द्यायचं झालं तर ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. आत लिथियमची बॅटरी असते, घंटागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. उघडून द्रव बेसिनमध्ये ओतायचाही प्रयत्न नको. तोंडाच्या भोकावर चिकटपट्टी लावा, वेगळ्या पिशवीत घाला आणि कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना ई-कचरा आहे असं सांगून द्या. खोक्याचा मागच्या बाजूचा फोटो तेवढा आधी काढून ठेवा, डॉक्टरांना तोच लागतो.